हेल्मेट पहिल्याच दिवशी मिळतं. "भट्टी थांबवा" कोणाला म्हणायचं, ते कोणी सांगत नाही

पोस्ट थोडी लांब आहे. ज्यांच्या घरचा पोरगा, भाऊ किंवा जावई ठेकेदाराच्या गाडीत बसून कंपनीत जातो त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा.

बारावीचा निकाल लागला, शेतात काम नाही, भरतीचा फॉर्म भरून झालाय, अशा वेळी आपल्या नाचणगाव-पुलगावची पोरं देवळी एमआयडीसी, भूगाव नाहीतर बुटीबोरी गाठतात. गेटवर आधारची झेरॉक्स, दोन फोटो, डॉक्टरचा शिक्का. मग एका खोलीत अर्धा-पाऊण तास बसवतात. त्याला सेफ्टी इंडक्शन म्हणतात. हेल्मेट घाला, बूट घाला, मोबाइल वापरू नका, तंबाखू खाऊन थुंकू नका, पिवळ्या पट्टीच्या आतून चाला. शेवटी एक कागद पुढे येतो आणि आपण सही करतो. कागद बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. त्यावर लिहिलेलं असतं की मला सगळे धोके समजावून सांगितले आहेत.

ही सही नेमकी कशावर केली, हा आज बोलायचा विषय आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ. ३ फेब्रुवारी २०२१ ला भूगावच्या पोलाद कारखान्यात देखभालीचं काम चालू असताना भट्टीतून गरम वाफारा आणि निखारे बाहेर आले. कामगार भाजले. बातम्यांत ३८ जखमींचा आकडा आला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच भूगावात स्लॅग थंड करण्याच्या कामात पुन्हा भडका उडाला आणि वीसच्या आसपास कामगार सावंगी-सेवाग्रामच्या चर्चेचा विषय झाले. दोन्ही वेळा गावागावांत फोन फिरले, "आपला कोणी होता का रे तिथं?" दोन्ही वेळा चार दिवस बोलणं झालं, मग कापूस वेचणीला लागलो.

त्या दोन घटनांमध्ये चूक कोणाची, हे ठरवायला मी बसलो नाही, ते तपास यंत्रणेचं काम. मला फक्त एवढं विचारायचं आहे, की वितळलेल्या लोखंडाच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या नवीन हेल्परला पहिल्या दिवशी काय सांगायला हवं? कारण तिथे हेल्मेटचा नंबर पहिला लागतच नाही. पहिला नंबर पाण्याचा लागतो.

आगीजवळ पाणी म्हटलं की आपल्याला वाटतं विझवायलाच असेल. भट्टीत उलटं आहे. वितळलेलं पोलाद साधारण १५०० ते १६०० अंशांवर असतं. पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते. म्हणजे लोटाभर पाण्याच्या वाफेला सुमारे सतराशे लोट्यांची जागा लागेल. आता बारकावा बघा. वितळलेल्या धातूच्या वर थोडं पाणी पडलं तर ते चरचरून वर उडून जातं, कारण त्याला वर जायला मोकळी जागा आहे. तेच पाणी धातूच्या खाली किंवा आत अडकलं तर वाफेला वाट नसते. ती वाट करते. वरचं सगळं लोखंड उचलून बाहेर फेकते. म्हणून नवीन माणसाला "पाणी टाकू नका" एवढं सांगून भागत नाही. पाणी अडकलेलं कुठे असू शकतं, ते दाखवावं लागतं.

ते कुठे असतं? पहिलं ठिकाण भंगार. उघड्या यार्डात पडलेल्या ढिगावर रात्री पाऊस पडला, सकाळी ऊन आलं, वरचे तुकडे कोरडे दिसतात. पण दाबून केलेल्या गठ्ठ्याच्या पोटात पाणी तसंच राहतं. एका बाजूनं बंद असलेला पाइप, गाडीचा जुना शॉकॲब्झॉर्बर, झाकण घट्ट बसलेला पेंटचा डबा, गॅसचं नळकांडं, ही सगळी बंद भांडी. त्यात पाणी नसलं तरी कोंडलेली हवा किंवा तेल असतंच. दुसरं ठिकाण जमीन. स्लॅग म्हणजे वितळताना वर तरंगणारा मळ. तो जिथे ओततात त्या खड्ड्याच्या तळाला डबकं असेल, तर वरून लाल स्लॅग पडला की पाणी बरोबर खाली अडकतं. आणि स्लॅग थंड करायला वरून पाणी मारतात तेव्हा वरची साय काळी पडते, आत मात्र तो लालच असतो. ती साय तडकली आणि पाणी आत शिरलं, की तोच हिशेब.

तिसरं ठिकाण भट्टी स्वतःच. आपल्याकडच्या इंडक्शन भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीची वेटोळी असते आणि त्या नळीतून सतत पाणी फिरतं. पाणी आणि वितळलेलं लोखंड यांच्या मध्ये फक्त रामिंगचं अस्तर. प्रत्येक हीटला ते थोडं थोडं झिजतं. फार झिजलं तर लोखंड नळीपर्यंत पोहोचतं. पॅनेलवर अर्थ लीकेजचा इशारा येतो, तो बघणं ऑपरेटरचं काम. पण प्लॅटफॉर्मच्या खाली थेंब थेंब पाणी पडतंय, काल कोरडं होतं आज ओलं आहे, हे झाडू मारणाऱ्या नवीन पोराला आधी दिसू शकतं. त्याला त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो, म्हणून तो पोछा मारून मोकळा होतो.

आता साहित्याकडे येऊ, कारण इंडक्शनमध्ये सगळा वेळ त्यावरच जातो आणि तरी अर्धवट सांगतात.

अंगातल्या कपड्यापासून सुरुवात करा. आपली पोरं दोनशे रुपयांचा पॉलिस्टरचा टी-शर्ट घालून जातात. धुवायला सोपा, लवकर वाळतो. ठिणगी पडली की सुती कापड जळतं, पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. डॉक्टरला ते कातडीसकट काढावं लागतं. वरून कंपनीचा जाड कोट दिला तरी आतला टी-शर्ट सुतीच हवा, हे पहिल्या दिवशी सांगायला पैसे लागत नाहीत. बुटाचंही तसंच. पुढे लोखंडी टोपी असलेला बूट पायावर वजन पडलं तर वाचवतो. भट्टीवर मात्र नाडीचा बूट घातक, कारण वितळलेला थेंब नाडीत अडकतो आणि बूट झटकन काढता येत नाही. तिथे नाडी नसलेला, ओढून काढता येईल असा बूट हवा. आणि पँटचा पाय बुटाच्या बाहेर हवा. स्टाइलमध्ये पँट बुटात खोचली तर बूट म्हणजे थेंब गोळा करायचं नरसाळं होतं.

हातमोजे ओले असतील तर घालू नका. घामानं असोत की पाण्यानं, तापले की आतल्या आत वाफ होते आणि हात उकडतो. चेहऱ्यावरची काच गॉगलपेक्षा वेगळी वस्तू आहे, भट्टीत डोकावताना दोन्ही लागतात. हेल्मेटच्या आतल्या बाजूला बनवल्याचा महिना-वर्ष उठवलेलं असतं, आयएसआयचा शिक्का आणि आयएस २९२५ हा क्रमांक असतो. आतला पट्ट्यांचा पाळणा तुटलेला असेल तर वरचं टोपडं कितीही चकचकीत असो, ते डोक्यावर बादली ठेवल्यासारखंच. त्याला भोकं पाडू नका, रंग मारू नका. आणि या कशाचेही पैसे पगारातून कापता येत नाहीत. सुरक्षेच्या साधनासाठी कामगाराकडून पैसे घेऊ नयेत, हे जुन्या कारखाना अधिनियमातही होतं, नवीन संहितेतही आहे. तुमच्या ठेकेदाराने "बुटाचे सहाशे" कापले असतील तर पगाराची चिठ्ठी जपून ठेवा.

पण ऐका, चांदीसारखा चमकणारा तो ॲल्युमिनियमचा कोट दुरून येणारी धग परतवतो. छोटे शिंतोडे सहन करतो. भट्टीतून शंभर-दोनशे किलो लोखंड वर उडालं तर त्याचा काही उपयोग नाही. ही मर्यादा नवीन पोराला सांगत नाहीत. उलट कोट घातला की त्याला वाटतं आता आपण काहीही करू शकतो, आणि तो दोन पावलं पुढे सरकतो. साहित्य शेवटचा पडदा आहे. त्याच्या आधी जे व्हायला हवं ते म्हणजे ओला गठ्ठा भट्टीत जाऊच न देणं. ते हेल्मेट करत नाही, माणूस बोलून करतो.

म्हणजे धोका कळवणं. इथेच सगळा घोळ आहे.

एक उदाहरण मनात धरू. पावसाळ्यातली दुसरी पाळी. नाचणगावचा एक पोरगा, कामावर लागून आठवा दिवस. भंगाराची बादली क्रेनला लागलेली आहे आणि तळातून पाणी ठिबकतंय. त्याला दिसतं. तो शेजारच्या जुन्या कामगाराला म्हणतो, "काका, माल ओला दिसून ऱ्हायला." काका म्हणतात, "पावसायात ओलाच राहीन ना बाप्पा, कोरडा कुठून आणू?" विषय संपला. पोरानं त्याच्या परीनं कळवलं. पण कळवलं कोणाला? ज्याच्या हातात थांबवायचा अधिकार नाही त्याला. आणि सांगितलं काय? माल ओला आहे, एवढंच. त्यात काही करायला सांगितलेलंच नाही.

तोच पोरगा इंडक्शनमध्ये नीट शिकला असता तर पाळीच्या इनचार्जला किंवा भट्टीच्या ऑपरेटरला असं म्हणाला असता: "साहेब, दोन नंबर भट्टीची बादली, तळातून पाणी गळतंय, पुढचा चार्ज हाच आहे, बाजूला ठेवायला सांगू का?" यात जागा आली, काय दिसलं ते आलं, वेळ किती आहे ते आलं आणि काय करायचं तेही आलं. ऐकणाऱ्याला आता हो किंवा नाही म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तर ते त्याच्या नावावर गेलं. मग नोंदवहीत दोन ओळी: तारीख, वेळ, काय पाहिलं, कोणाला सांगितलं, ते काय म्हणाले. लिहायला दोन मिनिटं लागतात. पण हे आधी होत नाही, आधी बादली बाजूला. लोक उलटं करतात, फॉर्म शोधत बसतात आणि तोवर क्रेन पुढे गेलेली असते.

बादली बाजूला ठेवली तर नुकसान किती? दुसरी बादली लावायला दहा मिनिटं. ओला माल शेडमध्ये पसरून वाळवायचा किंवा भट्टीच्या धगीजवळ आधी गरम करून घ्यायचा. काही कारखाने पावसाळ्यात हे रोज करतात, त्यांची भट्टी बंद पडली नाही.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच इंडक्शनमध्ये ऐकू येत नाही. थोडक्यात वाचलेली घटनाही कळवायची असते. भट्टीत माल पडल्यावर फट्ट असा आवाज आला, चार थेंब प्लॅटफॉर्मवर उडाले, कोणाला लागलं नाही, सगळे हसले. तो फट्ट म्हणजे छोटासा स्फोटच. आज वाटीभर पाणी होतं. कोणत्या ढिगातून तो माल आला हे आजच शोधलं तर उद्याची बादली वाचते. आपल्याकडे मात्र "काही झालं नाही ना? चला कामाले लागा."

आता ठेकेदारीचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त खटकतो.

आपली बहुतेक पोरं कंपनीची नसतात, ठेकेदाराची असतात. हजेरी मुकादम घेतो, पगार ठेकेदार देतो, रागवतोही तोच. त्यामुळे धोका दिसला की पोरगा साहजिकच मुकादमाला सांगतो. पण भट्टी मुकादमाची नाही. त्याला ती थांबवता येत नाही, आणि तो वर जाऊन बोलला तर पुढचं काम मिळेल की नाही ही त्याचीही भीती आहे. म्हणजे निरोप जिथून निघतो तिथेच मरतो.

सोनेगाव आबाजी कोणी विसरलं का? २० नोव्हेंबर २०१८ ची सकाळ. डेपोजवळच्या त्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करायला आणला होता, पेट्या उतरवताना स्फोट झाला, सहा जण गेले. माल जबलपूरच्या खमरिया आयुधनिर्माणीचा, जागा लष्कराची, आणि पेट्या उचलणाऱ्यांत आपल्या आजूबाजूच्या गावांतले ठेक्यावरचे मजूर. त्या दिवशी नेमकं काय बिघडलं त्यावर मी इथे बोलत नाही. मी फक्त रचना दाखवतोय. माल एकाचा, जागा दुसऱ्याची, मजूर तिसऱ्याचे. अशा ठिकाणी उभ्या असलेल्या मजुराला एखादी पेटी फुटलेली, गंजलेली किंवा गरम वाटली तर त्यानं तिघांपैकी कोणाकडे बघायचं? याचं उत्तर एका नावात देता आलं पाहिजे. "आज या जागेवर काम थांबवायचा अधिकार अमुक साहेबांचा, ते तिथे उभे आहेत, हा त्यांचा नंबर." हे काम सुरू व्हायच्या आधी, मजुराच्या भाषेत, त्या जागेवर उभं राहून सांगायचं असतं. खोलीत पंख्याखाली सांगून उपयोग नाही.

कायद्यात काय आहे? भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली आणि ४१-एच हे कलम आलं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यातल्या कामगाराला जिवाचा धोका जवळ आलाय असं वाटलं, तर तो मालकाला किंवा व्यवस्थापकाला सांगू शकतो आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवू शकतो. 'त्याच वेळी' या शब्दांकडे लक्ष द्या. आधी कंपनीची परवानगी घेऊन मग निरीक्षक, असं नाही. व्यवस्थापनाला धोका पटला तर त्यांनी लगेच उपाय करायचा आणि निरीक्षकाला अहवाल पाठवायचा. पटला नाही तर त्यांनी स्वतःच ते प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचं, त्याचा निर्णय अंतिम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कलम १४ मध्ये हाच हक्क आला, आणि तो आता फक्त धोकादायक प्रक्रियेपुरता राहिला नाही. शिवाय कलम १३ प्रमाणे असुरक्षित गोष्ट दिसली तर कळवणं हे कामगाराचं कर्तव्यच आहे. म्हणजे "तू काऊन मधात बोलतं?" असं कोणी म्हणालं तर उत्तर आहे, "कायद्यानं बोलाच लागते साहेब."

मात्र खोटी आशा नको. कळव, असं कलमात आहे. काम टाकून बाजूला हो, असं स्पष्ट लिहिलेलं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात जिवाच्या धोक्यातून बाजूला होणाऱ्या कामगाराला संरक्षण द्यावं असं म्हटलंय, आपल्या कलमात ते तितक्या थेट शब्दांत नाही. आणि गेटपास दुसऱ्या दिवशी बंद झाला तर ठेक्यावरचा पोरगा लेबर कोर्टात जाणार नाही, तो दुसरा ठेकेदार शोधणार. म्हणून एकट्यानं बोलू नका. एका गाडीतून जाणारे दहा-बारा जण असता, दोघांनी मिळून सांगा, वहीत दोघांची नावं लिहा. सुरक्षा समिती असेल तर तिच्यातल्या कामगार सदस्याचं नाव पहिल्या आठवड्यात माहीत करून घ्या. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कार्यालय नागपूरला आहे, आपला जिल्हा त्यांच्याच अखत्यारीत येतो. त्यांचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह असू द्या, आणि घरच्यांच्या मोबाइलमध्येही, कारण आत फोन नेऊ देत नाहीत.

ठेकेदार मंडळी वाचत असतील तर त्यांचं म्हणणं मला माहीत आहे. "नवीन पोट्टे दर दोन मिनिटाले थांबवतीन, माल निघन कधी?" पहिले पंधरा दिवस थांबवतील, खरं आहे. दहातली आठ वेळा ते चुकीचं थांबवतील. त्यांना तिथल्या तिथे समजावून सांगा की हे धोक्याचं का नाही. तेच त्यांचं खरं इंडक्शन. अर्ध्या तासाच्या खोलीपेक्षा जास्त शिकतील. ज्या पोराला पहिल्यांदा बोलल्यावर शिवी मिळते, तो नववी आणि दहावी वेळ गप्प बसतो, आणि ती नववी-दहावीच खरी असते.

ग्रामपंचायतीकडे आणि आपल्या सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांकडे माझी मागणी छोटी आहे. कंपनीवाले गावात रोजगार मेळावा घ्यायला येतात तेव्हा टेबलावर एक प्रश्न ठेवा: तुमच्या इंडक्शनचा कागद मराठीत आणि हिंदीत आहे का, आणि त्यावर काम थांबवू शकणाऱ्या माणसाचं नाव व निरीक्षकाचा नंबर छापलेला आहे का? कमानीवर बॅनर लावायच्या आधी एवढं विचारा.

आणि वाचणाऱ्यांनो, कमेंटमध्ये कंपनीचं किंवा माणसाचं नाव न घेता एवढंच लिहा: तुमच्या पहिल्या दिवशी धोका कोणाला सांगायचा ते सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर मुकादमाचं नाव सांगितलं की कंपनीच्या साहेबाचं? पन्नास उत्तरं आली तर ती छापून घेऊन मी नागपूरच्या कार्यालयात देऊन येतो, सोबत कोणाला यायचं असेल तर सांगा. सोमवार सोडून कधीही जमेल.